अर्ज एक, तारखा तीन: लेखी म्हणण्याआधी करायची तारीखवार नोंद

वाचकाचे पत्र:

"माझे वडील २०२३ च्या पावसाळ्यात गावी वारले. वारस नोंदीसाठी मी अर्ज दिला, चुलत्यांनी हरकत घेतली आणि मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद नामंजूर केली. त्यावर मी प्रांतांकडे अपील केले आहे. मागच्या सुनावणीत समोरच्या वकिलांनी माझेच तीन अर्ज वाचून दाखवले. पहिल्यात मी मूळ अर्जाची तारीख १० सप्टेंबर लिहिली होती, दुसऱ्यात 'गणपतीच्या आधी, ऑगस्टमध्ये', तिसऱ्यात 'वडिलांच्या तेराव्यानंतर लगेच'. शिवाय माझे अपीलही मुदतीबाहेर आहे, असे ते म्हणाले. मी खोटे काहीच लिहिलेले नाही, पण मला उत्तर देता आले नाही. लेखी म्हणणे देण्यासाठी पंधरा दिवस मिळाले आहेत. ते कसे लिहावे? कागदांचे फोटो सोबत पाठवले आहेत."
— एक चाकरमानी, रत्नागिरी जिल्हा (हल्ली मुंबई)

नमस्कार.

लेखी म्हणण्याचे पहिले वाक्य आणखी चार-पाच दिवस तरी लिहू नका. तुम्ही पाठवलेले अकरा फोटो मी दोनदा पाहिले, आणि पंचवीस वर्षे महसूल कार्यालयात आवक-जावक सांभाळलेला माणूस म्हणून एक गोष्ट आधीच सांगतो. तुमच्या तीन अर्जांतल्या तीन तारखांपैकी एकही सर्वस्वी खोटी नाही. त्या तीन वेगवेगळ्या घटनांच्या तारखा आहेत आणि तुम्ही तिन्ही घटनांना 'अर्ज' हा एकच शब्द वापरला आहे. तारखा कागदावर क्रमाने मांडल्यावाचून हे उलगडत नाही.

एक मोठी वही घ्या किंवा संगणकावर तक्ता करा. रकाने पाचच पुरेत: दिनांक आणि वार, काय घडले, ही तारीख कशावरून कळली, कागदाचा क्रमांक आणि खात्री किती. 'काय घडले' या रकान्यात एका ओळीत एकच घटना लिहावी आणि तिथे विशेषण येऊ देऊ नये. 'चुलत्यांनी मुद्दाम त्रास देण्यासाठी हरकत घेतली' असे न लिहिता 'चुलत्यांची लेखी हरकत दाखल' एवढेच लिहायचे. हेतू सांगायला दुसरी जागा आहे. शेवटच्या रकान्यात तीनच शब्द वापरा: पक्की, अंदाजे, ऐकीव. शिक्का किंवा सही असलेल्या कागदावरची तारीख पक्की, दुसऱ्या पुराव्यावरून बांधलेली अंदाजे, आणि शेजाऱ्याने सांगितलेली ऐकीव.

आता तुमचेच प्रकरण घेऊ. पहिली ओळ मृत्यूची. मृत्यूच्या दाखल्यावर मृत्यूचा दिनांक १४ जुलै २०२३ आहे आणि नोंदणीचा दिनांक २४ जुलै २०२३ आहे. एकाच कागदावर दोन तारखा असल्या की घाईत लिहिणाऱ्याच्या लेखणीत दुसरी उतरते, म्हणून या दोन तारखांच्या दोन वेगळ्या ओळी करा. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १४९ प्रमाणे वारसाने हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवायचे असते, आणि ते तीन महिने १४ जुलैपासून मोजायचे. नोंदणीच्या तारखेशी त्यांचा संबंध नाही.

याच कलमातला एक शब्द तुमच्या फार उपयोगाचा आहे. वारसाने तलाठ्याला 'तोंडी किंवा लेखी' कळवावे, असे तिथे म्हटले आहे. तुमच्या तिसऱ्या अर्जातले 'तेराव्यानंतर लगेच' कुठून आले, ते इथे कळते. १४ जुलै हा पहिला दिवस धरला तर तेरावा २६ जुलैला, बुधवारी आला. मुंबईला परतण्याआधी तुम्ही दुसऱ्या दिवशी तलाठी कार्यालयात जाऊन वडील गेल्याचे सांगितलेत आणि कोणते कागद लागतील ते विचारलेत, असे तुम्ही सोबतच्या चिठ्ठीत लिहिले आहे. परतीचे तिकीट २७ जुलैच्या रात्रीचे आहे. म्हणजे २७ जुलै, गुरुवार: 'तलाठी कार्यालयात तोंडी माहिती दिली.' तोंडी खबरीची पोच तुम्ही घेतलेली नाही, म्हणून खात्रीच्या रकान्यात 'अंदाजे' लिहा आणि आधाराच्या रकान्यात 'तिकीट, स्वतःची आठवण' असे लिहा. खबर मिळताच तलाठ्याने लेखी पोच द्यायची असते, असे कलमात आहे. पण चार कागदांची यादी ऐकून घराकडे निघालेला माणूस पोच मागत नाही, हे मी टेबलाच्या पलीकडून किती वेळा पाहिले असेल, त्याची गणतीच नाही.

दुसरी तारीख १० सप्टेंबर २०२३. ही तुमच्या अर्जावरच, वरच्या उजव्या कोपऱ्यात तुमच्या हस्ताक्षरात आहे. तक्त्यात तारखेशेजारी वार लिहायला मी का सांगतो, ते इथे दिसते. १० सप्टेंबर २०२३ ला रविवार होता. रविवारी कार्यालय बंद असते, त्यामुळे 'मी १० सप्टेंबरला अर्ज दिला' हे वाक्य कोणत्याही कारकुनाला एका दृष्टिक्षेपात खोटे वाटते, आणि समोरच्या वकिलांनी नेमके तेच धरले असणार. प्रत्यक्षात काय झाले असावे? तुमचे जाण्याचे तिकीट शनिवारी ९ सप्टेंबरच्या रात्रीचे आहे आणि परतीचे सोमवारी ११ सप्टेंबरच्या रात्रीचे. रविवारी सकाळी गावी पोचलात, दुपारी ओटीवर बसून अर्ज लिहिलात, त्यावर त्या दिवसाची तारीख घातलीत आणि सोमवारी कार्यालय उघडल्यावर तो दिलात. म्हणजे अर्ज लिहिल्याची तारीख १० सप्टेंबर आणि दिल्याची ११ सप्टेंबर. या दोन वेगळ्या ओळी झाल्या.

तुमच्या प्रतीवरचा शिक्का पुसट आहे आणि आकडा वाचता येत नाही. पेनने गिरवून तो वाचण्यासारखा करावा असा मोह होईल. तसे केलेत तर आजवर निर्दोष असलेला एकमेव कागद संशयास्पद होईल. शिक्का आहे तसाच राहू द्या आणि तारखेचा आधार दुसरीकडे शोधा.

असा एक आधार तुमच्याकडेच आहे, पण तो तुम्ही मला चुकीच्या रूपात पाठवलात. अर्ज देऊन बाहेर पडताना तुम्ही शिक्का मारलेल्या प्रतीचा फोटो काढला होता. मला आलेल्या फोटोचे नाव `IMG-20230911-WA0004.jpg` असे आहे. नावातला `WA` म्हणजे ती प्रत व्हॉट्सॲपवरून आलेली आहे. अशा नावातला दिनांक फोटो आल्या-गेल्याचा असतो, आणि फोटो केव्हा काढला ती माहिती व्हॉट्सॲपवरून जाताना गळून पडते. तुमच्या फोनच्या कॅमेऱ्याच्या फोल्डरमध्ये मूळ फोटो असेल तर त्याचा तपशील उघडून पाहा. तिथे काढल्याचा दिनांक आणि वेळ मिळेल. ती मूळ फाइल तशीच दुसऱ्या ठिकाणी साठवून ठेवा, आणि ती कुणाला व्हॉट्सॲपने पाठवून 'हाच मूळ फोटो' असे म्हणू नका. तेवढ्यानेही अर्ज दिल्याचे पूर्णपणे सिद्ध होत नाही, पण ११ तारखेला शिक्का असलेला कागद तुमच्या हातात होता, हे तरी दिसते.

खरा आधार कार्यालयाच्या आवक नोंदवहीत आहे. माहितीच्या अधिकाराखाली ११ सप्टेंबर आणि त्यापुढच्या आठवड्याची आवक नोंदवहीची पाने पाहण्यासाठी आणि त्यांच्या प्रती मिळण्यासाठी आजच अर्ज टाका. त्यावर दहा रुपयांचा न्यायालयीन मुद्रांक लावा. उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे, म्हणजे तुमच्या पंधरा दिवसांत ते न येण्याचा संभव आहे. म्हणून त्याच अर्जात अभिलेखांची पाहणी मागा आणि समक्ष जाऊन विनंती करा, पुष्कळदा चार दिवसांतही पाने पाहायला मिळतात. आवक नोंद १३ सप्टेंबरची निघाली तर घाबरू नका. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात अर्जांचा ढीग टेबलावर साचतो आणि वहीत चढवायला दोन दिवस लागतात. अशा वेळी आपली ११ ची ओळ खोडून १३ करायची नाही. '११ सप्टेंबर, अर्ज दिला' आणि '१३ सप्टेंबर, आवक नोंद झाली' अशा दोन्ही ओळी ठेवायच्या.

आता राहिला ऑगस्ट. हीच तारीख खऱ्या अर्थाने चुकलेली आहे, आणि ती का चुकली हे मला आपल्या कोकणी सवयीमुळे कळले. आपण तारखा गणपती, शिमगा आणि नारळी पौर्णिमा यांच्या मागेपुढे लक्षात ठेवतो. २०२२ मध्ये गणेश चतुर्थी ३१ ऑगस्टला होती. २०२३ मध्ये अधिक श्रावण आल्याने ती १९ सप्टेंबरला गेली. तुम्ही दुसरा अर्ज जानेवारी २०२४ मध्ये लिहिलात तेव्हा 'गणपतीच्या आधी' हे तुम्हाला बरोबर आठवले, पण गणपती ऑगस्टअखेर येतात हा आदल्या वर्षाचा हिशोब मनात होता, म्हणून महिना ऑगस्ट पडला. 'गणपतीच्या आधी' खरे होते, 'ऑगस्ट' चुकला. तुमच्या आईंच्या जबाबात 'श्रावणात अर्ज दिला' असे आहे, त्याचीही हीच गत आहे. त्या वर्षी अधिक श्रावण १८ जुलैला सुरू झाला आणि निज श्रावण सप्टेंबरच्या मध्यापर्यंत चालला, म्हणजे जवळजवळ दोन महिने श्रावणच होता. २७ जुलैची तोंडी खबर आणि ११ सप्टेंबरचा अर्ज दोन्ही श्रावणातच बसतात.

म्हणून साक्षीदारांकडून तारीख विचारू नका, खूण विचारा आणि त्या वर्षाचे पंचांग उघडून तिचा दिनांक तुम्ही स्वतः काढा. भिंतीवरची जुनी कॅलेंडरे तुमच्या घरी कुठे बांधून ठेवली असतील तर ती जरूर काढा. दूध, गॅसचे सिलिंडर, विजेचे बिल यांच्या नोंदी आपल्याकडच्या बायका त्या चौकटींत करतात, आणि 'मुलगा आला', 'मुलगा गेला' असेही कधी लिहिलेले असते. त्या त्या वेळी लिहिलेली अशी दोन शब्दांची खूणही आज केलेल्या पानभर जबाबापेक्षा अधिक वजनाची असते.

संगणकावर तक्ता करणार असाल तर एक सावधगिरी बाळगा. ११/०९/२३ हा आकडा काही संगणक ९ नोव्हेंबर असा वाचतात आणि मग ओळींचा क्रम गुपचूप बदलतो. तक्त्यात `2023-09-11` अशा पद्धतीने, वर्ष आधी टाकून लिहा, आणि कार्यालयात द्यायच्या कागदावर महिना अक्षरांत लिहा.

आता मुदतीचा मुद्दा. माझ्या मते तुमच्या प्रकरणाचा खरा धोका मूळ अर्जाच्या तारखेत नाही, तो इथे आहे. तुमच्या ५ ऑगस्ट २०२४ च्या अर्जात एक वाक्य आहे: 'नामंजुरीचा निकाल मला मार्चमध्ये मिळाला.' कागदांवरून मात्र असे दिसते. निकालावरचा दिनांक १८ मार्च २०२४. तुम्ही शिमग्याला गावी आलात, होळी २४ मार्चला होती, आणि पालखीच्या गर्दीत चुलतभावाने नोंद नामंजूर झाल्याचे सांगितले. २६ मार्चला, मंगळवारी, तुम्ही नकलेसाठी अर्ज केलात. नकलेच्या शेवटच्या पानावरच्या शिक्क्यात नक्कल तयार झाल्याचा दिनांक १२ एप्रिल आणि दिल्याचा १५ एप्रिल आहे. अपील दाखल झाले १० जून २०२४ ला. या सहा ओळी तक्त्यात एकाखाली एक आल्या की 'मिळाला' हा शब्द किती महाग पडला ते दिसते. मार्चमध्ये तुम्हाला निकाल कळला होता. तो हातात मिळाला एप्रिलमध्ये.

फरक असा पडतो. जिल्हाधिकाऱ्यांपेक्षा खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याच्या आदेशावर अपिलासाठी कलम २५० प्रमाणे साठ दिवस मिळतात. ते आदेश अपील करणाऱ्याला मिळाल्याच्या दिवसापासून मोजायचे असतात, आणि नक्कल मिळवायला लागलेला काळ वगळायचा असतो. १८ मार्चपासून १० जूनपर्यंत ८४ दिवस होतात, आणि समोरचे वकील हाच आकडा सांगत असणार. १५ एप्रिलपासून मोजले तर ५६ दिवस होतात आणि अपील मुदतीत बसते. अधिकाऱ्यांनी कडक भूमिका घेऊन तुम्ही नकलेसाठी अर्ज केलात तो २६ मार्च हाच निकाल कळल्याचा दिवस धरला तरी ७६ दिवसांतून नकलेचे, म्हणजे २६ मार्च ते १२ एप्रिलचे १७ दिवस वजा जातात आणि ५९ उरतात. इथे १७ च का धरले? नक्कल तयार झाल्यानंतर ती उचलायला तुम्ही जे तीन दिवस लावलेत, ते 'लागलेल्या काळात' धरू नयेत असे कुणीही म्हणू शकेल, म्हणून आपला हिशोब आधीच आपल्याविरुद्ध करून पाहावा. मात्र भाऊ २४ तारखेला बोलला की २५ ला, याचा खुलासा त्याला विचारून करून घ्या. ५९ च्या हिशोबात दोन दिवसांनीही फरक पडतो, आणि तिथे 'शिमग्यात' असे मोघम लिहून भागणार नाही.

एक शोध अजून बाकी आहे, आणि तो तुमच्या विरुद्ध जाण्याची शक्यता असल्यामुळेच आधी करायला हवा. निकालाची लेखी समज कार्यालयाने तुमच्या गावच्या पत्त्यावर पाठवली होती का? जावक नोंदवहीत पाहा, आणि प्रकरणाच्या संचिकेत टपालाची पोच किंवा परत आलेला लिफाफा आहे का, तेही पाहा. घर बंद असताना शेजारच्या घरात कुणी सही करून पाकीट घेतले असेल, तर ती सही आणि तिचा दिनांक सुनावणीच्या दिवशी प्रथम समोर येणे परवडणार नाही. तशी पोच निघाली तर तिचीही ओळ तक्त्यात घाला आणि कुणी सही केली ते लिहा. मग विलंब माफीचा अर्ज सोबत जोडायचा की नाही, हे तुमच्या वकिलांनी ठरवावे. कलम २५१ मध्ये त्याची सोय आहे. हा निर्णय माझा नव्हे, पण तो घेण्यासाठी वकिलांना लागणारा कागद म्हणजे हाच तक्ता.

कागदांना क्रमांक देताना क-१, क-२ असे द्या आणि एकदा दिलेला क्रमांक पुन्हा बदलू नका. मागाहून एखादा कागद सापडला आणि तो क-७ आणि क-८ च्या मधे बसत असेल, तर त्याला क-७अ म्हणा. पुढच्या प्रत्येक पत्रात तुम्ही 'क-५ पाहावा' असे लिहिणार आहात. दर वेळी नव्याने क्रमांक घातले की दोन महिन्यांपूर्वीच्या पत्रातला क-५ वेगळ्याच कागदाकडे बोट दाखवतो, आणि विसंगतीच्या आरोपातून सुटण्यासाठी केलेल्या खटाटोपातून नवी विसंगती जन्माला येते. तसेच तलाठ्याचे नाव न लिहिता पद लिहा. तुमच्या प्रकरणाच्या काळात तिथे दोन माणसे बदललेली दिसतात, आणि आता तर त्या पदालाच ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. ज्या कागदावर जे पदनाम आहे तेच त्या ओळीत लिहा.

यात मी शहाणा आहे असे समजू नका. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात माझ्या घराची कौले आणि मागची पडवी गेली. मदतीच्या अर्जात मी, आयुष्यभर दुसऱ्यांचे अर्ज तपासलेल्या माणसाने, आठवणीवर विसंबून 'पंचनामा दि. ३ जून' असे लिहिले. पंचनामा ९ जूनला झाला होता. दुसऱ्या अर्जात बरोबर तारीख गेली आणि दोन्ही अर्ज 'तपशील जुळत नाही' या शेऱ्यासह परत आले. वादळाचा दिवस मनात इतका कोरला गेला होता की त्या महिन्यातले सगळेच त्या एका तारखेला जाऊन चिकटले. तुमच्या बाबतीत वडील गेल्याच्या दिवसांचे तसेच झाले असावे.

आता लेखी म्हणण्याकडे येऊ. तक्ता पुरा झाला की म्हणण्यातली प्रत्येक तारीख त्यातूनच उचलायची, आठवणीतून एकही नाही, आणि तारखेपुढे कागदाचा क्रमांक द्यायचा. ज्या ओळीपुढे 'अंदाजे' आहे ती म्हणण्यातही 'सुमारे' किंवा 'माझ्या आठवणीप्रमाणे' अशीच जाऊ द्या. 'ऐकीव' ओळ अगदी आवश्यक नसेल तर घालू नका. आणि आधीच्या तीन अर्जांतल्या चुका वगळून पुढे जाऊ नका. त्या समोरच्यांच्या हातात आहेतच, म्हणून दुसऱ्याच परिच्छेदात त्या स्वतः सांगून टाका. मी असा मजकूर लिहिला असता:

'माझ्या यापूर्वीच्या तीन अर्जांत मूळ अर्जाच्या दिनांकाबाबत भिन्न उल्लेख आहेत. त्यांचा खुलासा असा. दिनांक ४ डिसेंबर २०२३ च्या अर्जात नमूद केलेला १० सप्टेंबर २०२३ हा अर्ज लिहिल्याचा दिनांक आहे (क-३). अर्ज प्रत्यक्षात सोमवार, ११ सप्टेंबर २०२३ रोजी तलाठी कार्यालयात दिला (क-४, क-५). दिनांक ८ जानेवारी २०२४ च्या अर्जातील "ऑगस्ट" हा महिना चुकीने लिहिला गेला आहे. त्या वर्षी गणेश चतुर्थी १९ सप्टेंबर रोजी होती व अर्ज त्यापूर्वी दिलेला आहे. दिनांक ५ ऑगस्ट २०२४ च्या अर्जातील "तेराव्यानंतर लगेच" हा उल्लेख सुमारे २७ जुलै २०२३ रोजी दिलेल्या तोंडी माहितीचा आहे. त्याच अर्जात "निकाल मार्चमध्ये मिळाला" असे म्हटले आहे. मार्चमध्ये मला निकालाची तोंडी माहिती कळली व २६ मार्च २०२४ रोजी मी नकलेसाठी अर्ज केला. निकालाची नक्कल मला १५ एप्रिल २०२४ रोजी मिळाली (क-९).'

यात कुठेही 'अनवधानाने', 'मानसिक धक्क्यामुळे' असे शब्द नाहीत, ते मुद्दाम वगळले आहेत. कारण सांगायचे तर तपासता येईल असे सांगावे. १९ सप्टेंबरची चतुर्थी कुणालाही पंचांगात पाहता येते, तुमचा धक्का कुणाला मोजता येत नाही. हा मजकूर तुमच्या वकिलांना दाखवून त्यांच्या पद्धतीने बदलून घ्या, फक्त तारखा आणि क्रमांक तक्त्याशी पुन्हा ताडून पाहा.

तक्त्याच्या दोन प्रती ठेवा. एक तुमच्या कामाची, तिच्यात खात्रीचा रकाना, शंका आणि 'भावाला विचारणे' यांसारख्या टिपा राहतील. दुसरी म्हणण्याला जोडायची, तिच्यात फक्त दिनांक, घटना आणि कागदाचा क्रमांक. तुमच्या प्रकरणात जोडायची प्रत दीड पानाच्या पुढे जायला नको. सुनावणीत अधिकाऱ्यांपुढे दिवसाला तीस-चाळीस प्रकरणे असू शकतात, त्यांना दीड पान वाचता येते. चुलत्यांचे जुने वाद, बांधावरची भांडणे, २०१९ मधली काजूची तोड, हे सगळे त्यात घालू नका. हरकत योग्य आहे की नाही हा प्रश्न वेगळा आहे आणि तो तक्त्याने सुटणारही नाही. वाटणीपत्र झाले होते का, यावर तो ठरेल, आणि त्याचा कागद मला तुमच्या फोटोंत दिसला नाही.

एक ओळ अजून कोरी आहे: चुलत्यांच्या हरकतीची. तुम्ही 'दिवाळीत' असे लिहिले आहे. २०२३ चे लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होते, पण दिवाळीच्या सुट्टीत हरकत दाखल झाली असेल हे मला पटत नाही. फेरफाराची नोंद घातली की तिची प्रत चावडीवर लावतात, संबंधितांना सूचना देतात आणि आलेली हरकत तक्रारींच्या नोंदवहीत चढवून पोच देतात. त्या नोंदवहीच्या पानाची प्रत मागा. आवक आणि जावक नोंदवह्या पाहायला जाल त्याच दिवशी हे तिसरे पानही पाहा, म्हणजे मुंबईहून दुसरी खेप पडणार नाही. तिथली तारीख मिळेपर्यंत ती ओळ कोरीच ठेवा आणि म्हणण्यात हरकतीचा उल्लेख दिनांकाशिवाय करा.